पाणी तुंबलेलं मशीन: काही टिपणं

समोरून दार असलेलं मशीन मध्येच थांबतं. काचेआड राखाडी पाणी हिंदकळत असतं, कपडे त्यात बुडलेले, दार उघडत नाही आणि पडद्यावर एखादं कोडं उमटतं. एलजीच्या मशीनवर OE, सॅमसंगच्या 5C किंवा 5E, बॉशच्या E18. सगळ्यांचा अर्थ एकच: ठरलेल्या वेळात पाणी बाहेर गेलं नाही. का गेलं नाही, हे मशीनला कळत नाही. ते आपण शोधायचं. बहुतेक वेळा कारण मशीनच्या खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या झाकणामागे सापडतं.

*

झाकण उघडण्याआधी कान द्यावा. प्रोग्रॅम बंद करून फक्त ‘ड्रेन’ किंवा ‘स्पिन’ लावायचं आणि मशीनजवळ खाली बसून ऐकायचं. पंप गुणगुणतोय पण पाइपातून पाणी येत नाही, म्हणजे मोटरला वीज मिळतेय आणि पाणी कुठेतरी अडलंय किंवा पंपाचा पंखा अडकलाय. खडखड, करकर असा आवाज आला तर काहीतरी कठीण वस्तू पंख्याला लागतेय. अजिबात आवाज नाही, तर पंखा घट्ट अडकलेला असू शकतो किंवा पंपच गेलेला असू शकतो. फिल्टर उघडूनच त्यातलं काय ते कळेल.

*

पाण्याचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं. ड्रमच्या बाहेर एक मोठी टाकी असते. तिच्या तळातून जाड रबरी नळी निघते, ती फिल्टरच्या घरात येते, फिल्टरच्या मागे पंपाचा छोटा पंखा असतो, आणि पंखा पाणी ढकलतो ते मागच्या पाइपातून वर चढून बाहेर. फिल्टर पंख्याच्या आधी ठेवलाय तो पंखा वाचवण्यासाठी. नाणं, पिन, बटण तिथेच अडावं, पुढे जाऊ नये, एवढंच त्याचं काम. कपड्यांची लव गोळा करणारी जाळी म्हणून तो केलेला नाही, तरी लव तिथे साचतेच, कारण नाण्याच्या आणि पिनेच्या आधाराने ती धरून राहते.

*

सगळ्यात महत्त्वाचं टिपण हेच: फिल्टर फिरवण्याआधी पाणी काढा. टाकीत दहा-पंधरा लिटर पाणी सहज असतं आणि फिल्टरचं भोक जमिनीपासून चार बोटं वर. एकदम फिल्टर काढला तर ते सगळं पाणी खोलीत येणार.

आधी प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, कारण हात ओला असणार आणि लादीही. कपडे गरम पाण्यात, साठ अंशांवर किंवा त्याहून जास्त, लावले असतील तर पाणी कोमट होईपर्यंत थांबायचं. आतलं पाणी तासभर सहज गरम राहतं.

मग मागचा पाइप. आपल्याकडे मशीन बहुधा बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत असतं, आणि पाइपाचं तोंड भिंतीच्या नळीत किंवा बेसिनवर अडकवलेलं असतं. ते सोडवून खाली मोरीच्या जाळीवर ठेवायचं. तोंड आतल्या पाण्यापेक्षा खाली आलं की पंपाशिवायही पाणी आपोआप वाहू लागतं. याचा दुहेरी फायदा आहे: टाकी रिकामी होते आणि निदानही होतं. पाणी धो धो आलं तर रस्ता मोकळा आहे, अडचण पंख्यात किंवा मोटरमध्ये. सुतासारखी धार आली किंवा थेंबच पडले, तर फिल्टरमध्ये किंवा त्याच्या आधीच्या नळीत गच्च अडकलंय.

काही मशीनांना त्या छोट्या झाकणाआड बोटाएवढी काळी नळी असते, टोकाला बूच. हीच पाणी काढायची वाट. बूच काढा, ताटलीत सोडा, भरली की बूच लावा, ताटली ओता, पुन्हा. वेळ लागतो, पण लादी कोरडी राहते.

*

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी दार वाजवलं तेव्हा त्यांच्या घरी लग्न आटोपून पाहुणे नुकतेच गेले होते. “अरे, मशीन अडलंय बघ. माझ्या शालूच्या आतल्या परकरापासून मुलांच्या कुर्त्यांपर्यंत सगळं त्यात आहे.” काचेत अर्ध्यावर पाणी होतं. पंप गुणगुणत होता, पाइपातून थेंबही नाही. पाइप मोरीत खाली ठेवला तर बारीक धार आली आणि लगेच मंदावली. म्हणजे फिल्टरच.

मशीन लोखंडी स्टँडवर होतं, ही सोय. स्टँडमुळे खाली परात सरकली. स्टँड नसेल तर परात बसत नाही, मग सपाट ताट किंवा केर भरायची सुपली वापरावी आणि समोर जुने पंचे पसरावेत.

फिल्टर डावीकडे फिरवायचा, पण पाव फेरी, फार तर अर्धी. कडेने पाणी झिरपू लागलं की थांबायचं. परात भरत आली की पुन्हा घट्ट करायचा आणि परात मोरीत ओतायची. काकूंनी परात ओतली, मी फिल्टर धरला. चार-पाच परातींनंतर धार थांबली, तेव्हा कुठे फिल्टर पूर्ण काढला.

*

त्या फिल्टरमध्ये काय होतं ते लिहून ठेवतो, कारण लग्नघरच्या धुण्याचं ते नेमकं चित्र आहे. बाहेरून करड्या लवेचा बुळबुळीत गोळा. त्यात रुपयाचं नाणं, दोन सेफ्टी पिना, ब्लाउजचा हूक आणि कुंकवाने गुलाबी झालेल्या अक्षता. कुर्त्याच्या खिशात राहिलेल्या अक्षता पाण्यात फुगल्या आणि लवेला चिकटून त्यांची खीर झाली होती. नाणं फटींवर आडवं बसलं होतं आणि बाकी सगळं त्याच्या मागे साठलं होतं.

तो बुळबुळीत थर नळाखाली दातांच्या जुन्या ब्रशने निघतो. लव, कपड्यांचा मळ, न विरघळलेली पावडर आणि त्यावर वाढणारे जिवाणू यांचा तो थर असतो. मशीनमधून येणाऱ्या कुबट वासाचं एक कारण हेच, म्हणून नुसती नाणी काढून फिल्टर परत बसवणं पुरेसं नाही.

*

बरेच जण इथे थांबतात, आणि म्हणून पुढच्या धुण्यात मशीन पुन्हा अडतं. फिल्टर काढल्यावर त्या भोकात टॉर्च मारायची. आत मागच्या बाजूला प्लास्टिकचा छोटा पंखा दिसतो. काकूंच्या मशीनमध्ये त्याच्या दांड्याला गजऱ्याचा दोरा घट्ट गुंडाळला होता. एखाद्या ओढणीत गुरफटून गजरा आत गेला असावा. फुलं विरली, दोरा फिल्टरच्या फटीतून सुटून पंख्यापर्यंत पोचला. नाणं कधी फटीतून जाणार नाही, पण दोरा, केस, बारीक तार जाते.

चिमट्याने दोऱ्याचं टोक धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पंखा उलट्या दिशेने फिरवत जायचं, म्हणजे गुंडाळलेलं सुटतं. ओढू नये, सुरी घालू नये. पाती प्लास्टिकची असतात, एखादी तुटली तर पंपच बदलावा लागतो. काकूंनी क्रोशाची सुई आणून दिली. चिमट्यापेक्षा तीच जास्त उपयोगी पडली, कारण तिचा आकडा दोऱ्याखाली शिरतो.

पंखा मोकळा झालाय का, हे बोटाने फिरवून कळतं. इथे एक गोष्ट माहीत असायला हवी: तो घरातल्या पंख्यासारखा सुळकन फिरत नाही. मोटरच्या आत चुंबक असतं, त्यामुळे थोडा सैल फिरतो, मग अडखळतो, मग झटक्याने पुढे जातो. हे योग्यच आहे. अडकलाय असं समजून त्यावर जोर करू नये. पूर्ण फेरी होत नसेल, एकाच जागी टणक लागत असेल, तरच आत काहीतरी अजून आहे.

*

परत बसवताना फिल्टरच्या गळ्यातलं रबरी कडं बघायचं. त्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी गळतं. आटे पुसायचे, सरळ धरून हाताने फिरवायचं. तिरका बसला तर पहिल्याच फेरीत जड लागतो. मग सोडून पुन्हा लावायचा. पक्कड वापरायची गरज नसते आणि वापरूही नये. मुठीने घट्ट होईल तेवढा पुरे.

मग पाइप जागेवर, प्लग आत, ड्रममध्ये लोटाभर पाणी आणि फक्त ‘ड्रेन’. फिल्टरखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरून ठेवावा. लादीवर दिसणार नाही असा थेंबही कागदावर लगेच दिसतो. पाणी भरभर गेलं आणि कागद कोरडा राहिला, की काकूंचे कपडे पुन्हा खळबळायला लावता येतात.

*

फिल्टर स्वच्छ, पंखा मोकळा, तरी पाणी जात नाही: आता पाइप बघा. मशीन भिंतीकडे ढकलताना मागे पाइप दुमडला जातो, विशेषतः फरशी धुतल्यानंतर. भिंतीच्या नळीत तो फार आत कोंबलेला असला किंवा ती नळीच तुंबलेली असली तरी असंच होतं. पाइपाचं टोक किती उंच हेही बघावं. साधारण साठ ते शंभर सेंटीमीटर ही बहुतेक मशीनांची मर्यादा. उंच खिडकीतून बाहेर काढलेल्या पाइपात पाणी चढवणं या लहान पंपाला झेपत नाही.

सगळं ठीक आणि पंपाचा आवाजच नाही, तर तो पंप किंवा त्याची वायर. तिथे मेकॅनिकला बोलवावं.

*

फेसाचं वेगळं. बादलीत कपडे भिजवायची पावडर या मशीनमध्ये टाकली, किंवा चांगली पावडरच दुप्पट टाकली, तर फेस इतका होतो की पंप पाण्याऐवजी हवा ओढत राहतो. कोडं तेच येऊ शकतं. काच फेसाने पांढरी दिसत असेल तर आधी अर्धा-एक तास थांबून फेस बसू द्यावा, मग ‘ड्रेन’ लावून बघावं. पाणी गेलं तर फिल्टरला हात लावायची गरज नाही; पुढच्या वेळी पावडर कमी.

*

किती दिवसांनी साफ करायचा, असं काकूंनी विचारलं. दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावा. घरात शाळेत जाणारी मुलं किंवा कुत्रा-मांजर असेल तर महिन्याने. आणि लग्न, मुंज, गणपती झाले की कपडे टाकण्याआधी कुर्त्यांचे खिसे उलटे करावेत.

*

हे सगळं समोरून दार असलेल्या मशीनपुरतं. वरून झाकण असलेल्या अनेक मशीनांना असा बाहेरून उघडणारा फिल्टर नसतो. तिथे ड्रमच्या कडेला लवेची जाळीदार पिशवी असते आणि ती पाणी सोडण्याच्या वाटेवर नसते. दोन टपांच्या सेमी ऑटोमॅटिकमध्ये धुण्याच्या टपातलं पाणी सहसा पंपाशिवाय, उताराने जातं. मूठ फिरवली की तळातला रबरी व्हॉल्व्ह वर उचलला जातो. तिथे पाणी तुंबलं तर त्या व्हॉल्व्हखाली बघायचं, आणि पाइप जमिनीवर सपाट पडलाय ना हेही.