पत्रास कारण की

पहाटे सहाला दहा कमी असताना तिच्या उशाशी भ्रमणध्वनी एकदा थरथरे आणि निमूट होई. पडद्यावर दवात भिजलेला गुलाब असे, त्याखाली 'शुभ सकाळ' आणि एखादे सुभाषित. बडोद्यातल्या एका ग्रंथालयात काम करणारी, चाळिशीला टेकलेली, एक संसार मोडून झालेली ती. आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यात पाळीवर जाणारा, पत्नीच्या मागे एकटा राहिलेला तो. विवाहविषयक संकेतस्थळावर दोघांची गाठ पडली होती. दोनदा बोलणे झाले, तेही पत्रिकेतल्या माहितीची उजळणी करावी तसे. त्यानंतर मात्र गुलाब, सूर्योदय आणि वाफाळता चहा यांची रांग लागली.

पहिले काही दिवस तीही फुलाला फूल पाठवीत राहिली. अभिवादनाला अभिवादन द्यावे, हा घरचाच संस्कार. पण एकोणिसाव्या दिवशी ती तापाने फणफणली होती. उत्तर गेले नाही. दुपारी विचारणा आली : "आपल्याला राग आला का?" तेव्हा तिच्या ध्यानात आले, की रोजच्या उत्तराला आता अर्थ उरलेला नाही, अर्थ आहे तो फक्त उत्तर न देण्याला. सौजन्य म्हणून सुरू झालेली गोष्ट नकळत हप्त्यासारखी झाली होती.

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की याने १९२३ साली अशा बोलण्याला एक नाव दिले. माहिती देण्यासाठी नव्हे, तर शब्दांच्या नुसत्या देवघेवीने नाते जुळते ठेवण्यासाठी माणसे जे बोलतात, ते हे बोलणे. मराठी पत्रलेखनाने त्याची जागा फार पूर्वीच ठरवून टाकली होती. आरंभी 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', मग 'इकडील सर्व क्षेम'. ते साचेबंद असे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. कारण पुढच्याच ओळीत 'पत्रास कारण की' येई आणि लिहिणारा माणूस उभा राही. तिच्याकडे येणाऱ्या पत्रांत मायना रोज होता, कारण मात्र कधीच नव्हते.

हे चित्र त्याने आपल्यासाठी निवडले, की दहा जणांना एकदमच वाटले, हे तिला कळेना. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१८ पासून पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण उमटते. त्याच्या बहुतेक चित्रांवर ती होतीच. पण खूण नसली तरी खात्री कुठली? तेच चित्र जतन करून नव्याने पाठवले, तर खूण उमटत नाही. तेव्हा चित्राची पारख करून माणसाची पारख होणार नव्हती.

एकदम गप्प बसावे, तर तो नकार ठरला असता. 'असले संदेश नकोत' म्हणावे, तर त्याच्या भल्या हेतूचा अपमान. तिने तिसरी वाट धरली. सकाळचे उत्तर थांबवले. पण न सांगता नव्हे. लिहिले : "सकाळी माझी धांदल असते, तेव्हा उत्तर देता येत नाही, गैरसमज नसावा. रात्री निवांतपणे लिहीन." त्या रात्री साडेनऊला तिने खरोखरच लिहिले. परत आलेल्या एका जुन्या पुस्तकात बसचे तिकीट सापडले, त्यावर कोणीतरी दूधवाल्याचा हिशेब मांडला होता, एवढेच. आणि शेवटी एकच प्रश्न : "आपण रोज सहाला दहा कमी असतानाच कसे लिहिता?"

प्रश्न मुद्दाम असा होता, की त्याचे उत्तर कुठल्याही चित्राने देता येऊ नये. पुन्हा गुलाबच आला असता, तर पलीकडे ऐकणारे कोणी नाही, हे तिने मुकाट्याने मान्य केले असते.

दोन दिवस गुलाबच आला. तिसऱ्या रात्री चार ओळी आल्या. पहिली पाळी सहाला लागते, तेव्हा तो त्या वेळी फाटकापाशी असतो. रात्रपाळी असेल, तर तीच सुटायची वेळ. दुपारपाळीच्या आठवड्यात झोपेतून उठून पाठवतो. "पाळी फिरते, जेवण फिरते, झोप फिरते. एक वेळ तरी ठरलेली असावी, म्हणून. काय लिहावे हे सुचत नाही, म्हणून चित्र."

तिने ते पुन्हा वाचले. ज्याला ती हप्ता समजत होती, तो त्याच्या दिवसाचा खुंटा होता. म्हणून त्याला बांधून घेण्याचे तिच्यावर बंधन नव्हते; पण तो उपटून टाकण्याचेही आता कारण उरले नव्हते.

आठवड्यातून दोन-तीन रात्री आता खरी पत्रे जातात-येतात. सकाळी अजूनही एखादा गुलाब येतो. ती उत्तर देत नाही, आणि तो रागाबद्दल विचारत नाही. मायना त्याचा असतो; कारण रात्री दोघे मिळून शोधतात.