‘एआयने बनवलेले’ एवढं लिहिलं म्हणजे झालं का?

जिल्ह्याच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं पानं लावतोय. रोज संध्याकाळी शंभरेक फोटो समोर येतात, त्यातले पंधरा-वीस छापले जातात. हल्ली त्यातला एखादा बनवलेला किंवा ‘सुधारलेला’ असतो, आणि मग डेस्कवर कुणीतरी म्हणतंच, “खाली बारीक अक्षरात एआय लिहून टाक की, विषय संपला.” विषय संपत नाही, असं माझं मत आहे. का, ते एका फोटोवरून सांगतो.

२८ मे २०२३. दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन होतं आणि त्याच दिवशी आंदोलक कुस्तीपटूंना पोलिसांनी ताब्यात घेतलं. गाडीतला एक सेल्फी बाहेर आला. विनेश फोगाट, संगीता फोगाट, आणखी काही जण आणि पोलीस. त्यात कुणीही हसत नव्हतं. काही तासांत त्याच फोटोची दुसरी प्रत फिरू लागली. तीच गाडी, तीच माणसं, तेच कपडे, पण दोघी बहिणी दात दाखवून हसताहेत. ‘बघा, हे आंदोलन म्हणजे नाटक’ असा मजकूर सोबत होताच. फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी मूळ फोटो फेसॲपसारख्या ॲपमधून काढून पाहिला, तर तसंच हसू उमटलं.

आता समजा, त्या बदललेल्या फोटोवर अगदी नियमाने शिक्का असता, ‘एआयच्या मदतीने संपादित’. वाचणाऱ्याने काय समजायचं? उजेड वाढवला असेल, कडा कापल्या असतील, फोटो स्वच्छ केला असेल. शिक्का खरा, आणि वाचणारा तरीही फसलेला. खरं लेबल असं झालं असतं: ‘मूळ फोटोत कुणीही हसत नाही. हसू नंतर घातलं आहे.’ एवढं लिहिल्यावर तो फोटो कुणी पुढे पाठवला असता का? त्याचा उपयोगच संपला असता.

माझ्या दृष्टीने प्रामाणिक लेबलची कसोटी हीच आहे. कुठलं साधन वापरलं, याने वाचकाचं काही अडत नाही. कॅमेऱ्यासमोर जे नव्हतं त्यातलं काय इथे दिसतंय, किंवा होतं त्यातलं काय गायब झालंय, हे त्याला कळलं पाहिजे. आणि हे स्पष्ट लिहिल्यावर चित्राचं कामच संपत असेल, तर ते चित्र लेबल लावूनही छापू नये.

साधन पाहून शिक्का मारण्याचा प्रयोग २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर झाला. मे महिन्यात मेटाने फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर `Made with AI` असं लेबल सुरू केलं. फोटोच्या फाइलमध्ये एडिटिंग सॉफ्टवेअर ज्या खुणा लिहून ठेवतं, त्या वाचून ते आपोआप लागायचं. झालं असं, की फोटोग्राफरने कॅमेऱ्याने काढलेल्या खऱ्या फोटोतला एखादा डाग पुसला तरी त्यावर ‘एआयने बनवलेले’ असं उमटू लागलं. फोटोग्राफर चिडले, आणि ते बरोबरच होतं. जुलैमध्ये शब्द बदलून `AI info` केले. पुढे सप्टेंबरमध्ये असं ठरलं, की चित्र अख्खं बनवलेलं असेल तर लेबल समोर दिसेल, आणि खऱ्या फोटोत फक्त फेरफार असेल तर लेबल मेन्यूच्या आत जाईल.

डाग पुसणाऱ्या फोटोग्राफरला याने न्याय मिळाला. पण कुस्तीपटूंचा तो फोटो याच दुसऱ्या गटात बसतो. तोही खराच फोटो, त्यात फक्त फेरफार. म्हणजे सर्वांत घातक प्रकारचं लेबल तीन टिंबांच्या आड. फोटोचा किती भाग बदलला हे मोजलं, की असं होतं. डाग आणि हसू, दोन्ही जागा चिमूटभरच. पण डाग गेल्याने बातमी बदलत नाही, हसू आल्याने बातमी उलटी होते.

‘नुसता उजेड कमी-जास्त केला तर लेबल नको’ हा नियमही डोळे मिटून पाळता येत नाही. जून १९९४ मध्ये अमेरिकेत ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय खेळाडूवर खुनाचा आरोप झाला. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर घेतला. ‘न्यूजवीक’ने होता तसा, ‘टाइम’ने चेहरा बराच गडद करून. स्टॉलवर दोन्ही अंक शेजारी-शेजारी दिसले आणि गदारोळ झाला. ‘टाइम’ने लेबल दिलं नव्हतं असंही नाही. ‘फोटो-इलस्ट्रेशन’ असा उल्लेख होता, पण आतल्या पानावर. मुखपृष्ठ पाहणाऱ्याला त्याचा काय उपयोग? लेबल चित्राच्या सोबत असलं पाहिजे. ज्याला चित्र दिसलं त्याला लेबलही दिसलं, तरच ते लेबल.

आपल्याकडे आता केंद्राचे नियम आहेत. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात लेबलने चित्राची किमान १० टक्के जागा घ्यावी असं होतं. फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम लागू झाले तेव्हा ही टक्केवारी गेली आणि लेबल ठळक दिसावं एवढं राहिलं. रंग सुधारणं, फाइल लहान करणं अशा नेहमीच्या कामाला सूट मिळाली. ही सूट शहाणपणाची आहे. पण चर्चा सगळी लेबल केवढं यावर झाली, त्यात लिहायचं काय यावर फारशी झाली नाही. शिवाय हे नियम ऑनलाइन माध्यमांचे आहेत. चौकातलं फ्लेक्स, घरात येणारं पत्रक, शाळेतली झेरॉक्स यांना ते लागू होत नाहीत. तिथे आपली आपणच रीत पाडायला हवी.

जाहिरातीचं उदाहरण घेऊ. बांधकाम व्यवसायात लेबल जुनंच आहे, ‘संकल्पनाचित्र’. पूर्वी हे चित्र हाताने रंगवलेलं असायचं, बघताक्षणी चित्र वाटायचं. आता ते फोटोसारखं दिसतं. मागे आमच्याकडे एका गृहप्रकल्पाची पानभर जाहिरात आली. सात मजली इमारत, समोर मोठी बाग, बागेत खेळणारी मुलं. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘चित्र संकल्पनात्मक’. मी ती जागा रोज येता-जाता बघतो. बाग जिथे दाखवली होती ती जमीन त्या प्रकल्पाची नव्हतीच.

हा एक शब्द एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टींवर पांघरूण घालत होता. इमारत अजून बांधायची आहे, पण आराखड्यात आहे. झाडं आणि मुलं सजावटीची आहेत. आणि बाग होणारच नाही, निदान या बिल्डरकडून तरी नाही. पहिल्या दोन गोष्टींबद्दल कुणाची तक्रार नसते. तिसरी पाहून माणूस पैसे भरतो. प्रामाणिक लेबल साधंच होतं: ‘इमारत मंजूर आराखड्याप्रमाणे. समोरची बाग प्रकल्पाचा भाग नाही.’ आम्ही हे वाक्य सुचवलं. दुसऱ्या दिवशी नवी जाहिरात आली, त्यात बाग नव्हती. लेबल नीट लिहायची वेळ आली, की चित्रच दुरुस्त होतं, ते असं.

घर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. ‘संकल्पनाचित्र’ लिहिलं म्हणून बिल्डर आपोआप सुटत नाही. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरली आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद उघडते. चित्रातली बाग तिथल्या आराखड्यात आहे का ते बघायला पाच मिनिटं लागतात.

आता शाळा. शिक्षक मित्र-मैत्रिणींनी हे मनावर घ्यावं अशी विनंती आहे. इतिहासाच्या तक्त्यांसाठी सध्या चित्रं बनवून घेतली जातात. शिवकालातला प्रसंग असेल तर फार बिघडत नाही. त्या काळी कॅमेरा नव्हता हे सहावीतल्या पोरालाही सांगता येतं. पण २० मार्च १९२७, महाडचं चवदार तळं घ्या. तेव्हा कॅमेरे होते. बनवलेलं चित्र पिवळट, जुनाट, कडा फाटलेल्या फोटोसारखं आलं, तर मूल तो पुरावाच समजणार. तळ्याचा काठ, लोकांचे कपडे, बाबासाहेबांच्या शेजारी कोण उभं होतं, सगळं त्याच्या डोक्यात तसंच बसणार. कोपऱ्यातलं ‘एआय’ त्याला काहीच सांगत नाही. लेबल हवं ते असं: ‘हा त्या वेळचा फोटो नाही. वर्णनावरून आत्ता तयार केलेलं चित्र. चेहरे आणि कपडे काल्पनिक.’

त्याहून सोपा उपाय म्हणजे चित्र फोटोसारखं बनवूच नये. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतली रेघांची चित्रं आठवा. त्यांना लेबल नव्हतं आणि त्यांना कुणी फोटो समजलंही नाही. जुना पिवळट रंग आणि फाटक्या कडा मुद्दाम घालायच्या आणि मग खाली ‘काल्पनिक’ लिहायचं, हा उलटा उद्योग आहे.

लेबल कुठे लावायचं हेही यातच आलं. फाइलच्या आत लपलेली माहिती वॉट्सअपवर पाठवताना सहसा गळून जाते, स्क्रीनशॉटमध्ये तर राहतच नाही. फोटोखालची ओळ कापली जाते. म्हणून शब्द चित्रावरच हवेत, आणि कोपऱ्यात नकोत, कारण कोपरा छाटणं सोपं. जे बदललं त्याच्या जवळ, मोबाइलवर न ताणता वाचता येतील एवढे.

याने खोटारडे थांबणार नाहीत, हे मलाही कळतं. ज्याने ते हसू चिकटवलं तो लेबल लावणारच नव्हता. म्हणून लेबल नाही म्हणजे फोटो खरा, असं कधीही धरू नका. लेबल हे आमच्यासारख्या लोकांसाठी आहे, ज्यांचं नाव छापील पानावर, पत्रकावर, शाळेच्या तक्त्यावर असतं आणि ज्यांना उद्या जाब विचारता येतो.

तेव्हा जाब विचारा. तुमच्या हातात येणाऱ्या पेपरात, आमच्याही, नुसतं ‘एआय चित्र’ दिसलं तर संपादकांना फोन करून विचारा, यात नक्की काय बनवलंय? मुलाच्या तक्त्यावर दिसलं तर बाईंना, सरांना विचारा. उत्तर एका वाक्यात देता आलं, तर ते वाक्य पुढच्या वेळी चित्रावर छापायला सांगा.