वही कोणाच्या हातात?

माझ्या मित्राला सगळं आठवतं, याचं मला फार दिवस कौतुक वाटायचं. ‘आठवतं ना, घाटी हॉस्पिटलात रात्रभर थांबलो होतो,’ असा त्याचा मेसेज आला की मला भरून यायचं. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यानं रक्त दिलं होतं, ते मी विसरणंच शक्य नव्हतं. ‘तुझे उपकार कसे फेडू?’ असं मी लगेच लिहायचो.

माझं मत बदललं ते त्यानं पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहायला सांगितलं तेव्हा. कर्ज थकलं तर वसुली जामीनदाराकडूनही होते, म्हणून मी नाही म्हणालो. रात्री यादी आली. रक्त, उन्हाळ्यात सिडकोत मिळवून दिलेला पाण्याचा टँकर, बहिणीच्या लग्नात दिलेली गाडी. त्याच्या दुकानाचं सामान हलवताना मी राबलो होतो, ते त्यात नव्हतं.

मग मी आमच्या जुन्या मेसेजमध्ये ‘आठवतं’ हा शब्द शोधला. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्याच्या खालीच एखादं मागणं होतं. मला आठवण वाटायची ती तगाद्याची सुरुवात होती.

तरीही ‘हिशेब आला की मैत्री संपली’ हे मला पटत नाही. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. कोणी किती दिलं ते नावासकट लिहितात आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढून, थोडं वाढवून परत करतात. त्यानं नाती तुटत नाहीत. पण ती वही घेणाऱ्याच्या घरी असते. आपण काय देणं लागतो हे त्यानं लक्षात ठेवायचं असतं. देणाऱ्यानं वही हातात घेतली की आहेराची उधारी होते.

मार्गारेट क्लार्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी मित्र एकमेकांच्या कामाचा हिशेब ठेवतात का, हे तपासलं आणि १९८४ साली ते प्रसिद्ध केलं. प्रयोगात दोघांनी मिळून आकड्यांच्या तक्त्यातून ठरावीक आकडे शोधायचे, त्यांवर खुणा करायच्या आणि बक्षीस वाटून घ्यायचं. अनोळखी माणसं बहुधा जोडीदारापेक्षा वेगळ्या रंगाचं पेन उचलत, म्हणजे कोणाचं काम किती ते दिसावं. मित्रांच्या जोड्यांत तशी ओढ दिसली नाही.

आमच्यात त्याचं पेन वेगळ्या रंगाचं होतं. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. अडचणीत असलेला, दुखावलेला माणूसही एखाद्या वेळी केलेलं बोलून दाखवतो. तेवढ्यावरून मी कोणाला तोडणार नाही. पण दर मागण्याआधी जुनं काम पुढे येत असेल, तर समोरचा आपल्याला मित्र नव्हे, कुळ समजतो.

मी सही केली नाही. त्याच्या घरी रक्त लागलं तर मात्र मी जाईन, आणि ते कुठे लिहिणार नाही. तुम्हीही तुमच्या मेसेजमध्ये हा शब्द शोधून पाहा. आधी स्वतः पाठवलेल्यांत.