कंबरेत पुन्हा पुन्हा उसण भरते, मग फिजिओथेरपिस्टला काय सांगायचं?

जिमला जाणारी तरुण मुलं माझ्याकडे कंबर धरून येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा एमआरआयची पिशवी असते. "सर, डिस्क बल्ज आहे, व्यायाम सांगा." एवढंच सांगणं असतं. अशाच एका मुलाने माझ्या सांगण्यावरून फिजिओथेरपिस्टला एक पत्र लिहिलं. त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ते इथे देतो आहे. त्याच्या कंबरेचं कोडं एमआरआयपेक्षा या पत्रामुळे जास्त सुटलं.

मुलगा अंबड तालुक्यातला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. वडिलांचं खत-बियाण्याचं दुकान. पॉवरलिफ्टिंग करतो आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरण्याची ही त्याची शेवटची संधी होती. फिजिओथेरपिस्ट मॅडम छत्रपती संभाजीनगरला. जाऊन-येऊन दिवस मोडतो, म्हणून मी त्याला म्हटलं, आधी सगळं लिहून पाठव. पहिल्या कागदावर चारच ओळी होत्या आणि त्यातल्या तीन एमआरआय रिपोर्टमधून उतरवलेल्या होत्या. मी तो परत दिला. म्हटलं, रिपोर्ट मॅडमना वाचता येतो. तू तारखा लिही, वजन लिही, त्या दिवशी आणखी काय काय उचललंस ते लिही. दोन दिवसांनी त्याने हे आणलं:

"आदरणीय मॅडम, नमस्कार.

माझं वय २१, वजन ७२ किलो. तीन वर्षांपासून जिम करतो. गेल्या वर्षीच्या जूनपासून कंबरेत तीनदा उसण भरली.

पहिल्यांदा गेल्या जूनमध्ये. संध्याकाळी डेडलिफ्ट करत होतो, १२० किलो, चौथ्या सेटचा तिसरा रेप. बार जमिनीवरून सुटतानाच डाव्या बाजूला खट्कन झालं. इंजेक्शन घेतलं, १५ दिवस आराम केला. दुखायचं थांबलं म्हणून परत गेलो आणि पहिल्याच आठवड्यात ११० उचलले. तेव्हा काही झालं नाही.

दुसऱ्यांदा नोव्हेंबरमध्ये. १०० किलोने पाच-पाचचे पाच सेट केले, तेव्हा काहीच दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला वाकलो आणि तसाच अडकलो. आदल्या दिवशी दुपारी दुकानात युरियाची गाडी आली होती, ६० गोण्या मी उतरवल्या होत्या. तीन आठवडे आराम केला, नंतर बेल्ट लावून परत १०० पासून सुरू केलं. जिमला जाताना कधी कधी दुखण्याची गोळी घेत होतो.

तिसऱ्यांदा या जूनमध्ये, तेही जिममध्ये नाही. गोणी उचलून वळून टेम्पोत टाकताना भरली. या वेळी मांडीच्या मागे गुडघ्यापर्यंत चार दिवस दुखलं, आता ते गेलं आहे. पायाला मुंग्या नाहीत. लघवी-संडासची तक्रार नाही. बसून उठताना आणि सकाळी पहिली दहा-पंधरा मिनिटं कंबर आखडते.

दुखणं आता दहापैकी दोन आहे. दिवाळीच्या सुमारास स्पर्धा आहे. जिम परत सुरू करण्याआधी कोणते व्यायाम करू, किती दिवस करू आणि पहिल्या दिवशी किती वजन लावू, ते कृपया सांगा."

हे पत्र पाठवण्याआधी मी त्याला तपासलं होतं, कारण काही गोष्टी असतील तर व्यायामाचं पत्र लिहीत बसायचं नसतं. लघवी अडणं किंवा नकळत होणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल तर आधी डॉक्टरला दाखवायचं. तरुणांमध्ये मी आणखी दोन गोष्टी विचारतो. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त राहतो आणि हालचाल केल्यावर कमी होतो का? तसं असेल तर तो सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. मागे वाकल्यावर दुखतं का? तसं असेल तर मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक चीर गेलेली असू शकते. या मुलात यातलं काही नव्हतं. तो टाचांवर आणि चवड्यांवर नीट चालला, झोपवून पाय सरळ वर उचलला तरी कळ खाली गेली नाही.

आणि त्याचा एमआरआय? डिस्कला थोडा फुगवटा होता. पण कंबर कधीच न दुखलेल्या विशीतल्या लोकांचे एमआरआय काढले, तरी शंभरातल्या साधारण तीस जणांत असा फुगवटा दिसतो. त्यामुळे त्या रिपोर्टवरून याची कंबर जूनमध्ये, नोव्हेंबरमध्ये आणि परत जूनमध्येच का धरली, हे कळत नव्हतं.

मॅडमनी पत्राच्या फोटोवर नेमके तेच तीन महिने लाल पेनाने गोल करून परत पाठवले. आपल्याकडे जून म्हणजे खरिपाची पेरणी, ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे रब्बी. खताच्या दुकानात गाड्या याच दिवसांत येतात. खाली त्यांनी साधा गुणाकार केला होता. युरियाची गोणी ४५ किलोची. ६० गोण्या म्हणजे २७०० किलो. त्याच संध्याकाळी जिममध्ये १०० किलो गुणिले २५ रेप, म्हणजे २५०० किलो. हा मुलगा जिमची वही अगदी काटेकोर ठेवत होता आणि दुपारी उचललेलं वजन त्या वहीत कुठेच नव्हतं. नुसती किलोंची बेरीज हे ढोबळ माप आहे हे खरं. पण गोणीला बारसारखी पकड नसते, ती अंगापासून लांब धरली जाते आणि टाकताना कंबर वाकलेली असतानाच पिळली जाते. म्हणजे कंबरेच्या दृष्टीने ते ४५ किलो कागदावर दिसतात त्यापेक्षा जडच.

दुसरी गोष्ट त्याने स्वतःच लिहिली होती, फक्त त्याला ती दिसली नव्हती. दुखणं थांबलं की तो दरवेळी जवळजवळ जुन्याच वजनावर परतत होता. स्नायूचा किंवा सांध्याचा लचका दोन-तीन आठवड्यांत दुखायचा थांबतो, पण तेवढ्या आरामात आजूबाजूच्या स्नायूंची ताकद आणि दम कमी झालेला असतो. त्यात गोळी घेऊन गेलं तर 'आता पुरे' असं सांगणारी जी एकच खूण हाताशी असते, तीही बंद होते. बेल्टचंही तसंच. जड वजनाला पोटाचा दाब वाढवायला तो मदत करतो, पण दुखऱ्या कंबरेचं ते औषध नव्हे.

मॅडमनी आधी तीन व्यायाम दिले, रोज करायला. पहिला काठीचा. काठी पाठीवर उभी धरायची. ती डोक्याच्या मागे, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला टेकलेली राहिली पाहिजे. मग गुडघे किंचित सैल सोडून बैठक मागे नेत पुढे झुकायचं. काठी एका जरी जागेवरून सुटली, तर तिथेच थांबायचं. हा मुलगा अर्ध्यात पोहोचला की काठी सुटत होती, म्हणजे खुब्यातून वाकायच्या ऐवजी तो कंबरेतून वाकत होता. दुसरा, कुशीवर होऊन कोपरावर अंग उचलून धरणं, आधी गुडघे टेकून, दहा-दहा सेकंद. तिसरा, हात आणि गुडघ्यांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ करणं, मग उलट बाजू. हेच तीन व्यायाम रामबाण आहेत असं कोणी म्हणत नाही आणि मॅडमनीही तसं म्हटलं नाही. अमुक एक व्यायाम दुसऱ्यापेक्षा कंबरेला फार सरस, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. यांचा उपयोग हा, की बारला हात लावण्याआधी कंबर स्थिर ठेवून वाकता येतं का ते कळतं.

बारला हात कधी लावायचा? त्यासाठी त्यांनी तारीख न देता अटी दिल्या. दोन्ही कुशींवर ३० सेकंद न दुखता धरता आलं पाहिजे आणि २० किलोचं डंबेल घेऊन काठीसारखंच वाकणं दहाचे तीन सेट झालं पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसावं. ही सकाळची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नोव्हेंबरमध्ये जिममध्ये काहीच दुखलं नव्हतं, कंबर अडकली ती दुसऱ्या दिवशी बेसिनपाशी. म्हणून रोज सकाळी उठल्यावर वहीत शून्य ते दहामधला एक आकडा लिहायचा. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल, पण सकाळी तो आदल्या दिवसाच्या आकड्यावर परत आलेला हवा. नाही आला तर पुढच्या वेळी वजन एक पायरी खाली.

मग बार, ६० किलो, म्हणजे जुन्याच्या निम्मं. तोही जमिनीवर नाही, गुडघ्याच्या जरा खाली येईल इतक्या उंच ठोकळ्यांवर ठेवलेला. पहिली उसण बार जमिनीवरून सुटतानाच भरली होती. बार जितका खाली, तितकं वाकणं जास्त. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून. चार आठवड्यांत ठोकळे कमी करत जमिनीपर्यंत यायचं, त्यानंतर आठवड्याला ५ किलो वाढवायचे.

इथे मुलाने कागदावर हिशेब मांडला आणि त्याचा चेहरा पडला. जुलैचे शेवटचे तीन आठवडे पायाभरणी, ऑगस्ट ठोकळ्यांवर, सप्टेंबरमध्ये जमिनीवरून ६०. तिथून १०० ला आठ आठवडे. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी स्पर्धेच्या दिवसांत तो शंभराच्या आसपास असणार, आणि त्याला हवे होते १३०. त्याने मला विचारलं, "सर, आठवड्याला दहा वाढवले तर?" मी म्हटलं, मॅडमना विचार. मॅडमनी उत्तर दिलं की वाढव, पण मग चौथं पत्र लिहायची तयारी ठेव.

मीराबाई चानूचं उदाहरण मी त्याला दिलं. कंबरेच्या दुखण्यामुळे तिला २०१८ची आशियाई स्पर्धा सोडावी लागली होती. २०२०मध्ये ती खांदा आणि कंबर यांच्यासाठी अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. आरोन हॉर्शिग यांच्याकडे गेली आणि टोकियोत २०२ किलो उचलून रौप्यपदक घेऊन आली. त्याला ते फारसं पटलं नाही. "तिला परत संधी होती, माझं शेवटचं वर्ष आहे," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. शेवटी नाव त्याने स्वतःच मागे घेतलं.

वडिलांना समजावणं जास्त अवघड गेलं. "जिमला दीडशे उचलतो आणि घरची गोणी जड होते काय?" असा त्यांचा सवाल होता. मी त्यांना तो गुणाकार दाखवला. ते स्वतः दुकानदार, आकडे त्यांना लगेच कळले. गाडी उतरवायला मोंढ्यातून दोन हमाल सांगायचे आणि मुलाने गल्ल्यावर बसायचं, असं ठरलं. एखाद्या दिवशी हमाल आले नाहीत आणि गोण्या उचलाव्याच लागल्या, तर त्या संध्याकाळी डेडलिफ्ट बंद.

ऑक्टोबरच्या शेवटी रब्बीच्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हा तो जमिनीवरून ८५ वर होता. ठरल्या हिशेबापेक्षा साधारण तीन आठवडे मागे, कारण मध्ये दोनदा सकाळचा आकडा चारवर गेला होता आणि त्याने वजन उतरवलं होतं. एकदा कारण जिमचं होतं, दुसऱ्यांदा जालन्याहून मोटारसायकलवर डबलसीट आणलेल्या पाण्याच्या मोटारीचं. वहीत आता एक नवा रकाना आहे, 'जिमबाहेर काय उचललं'. मोटार त्यात लिहिलेली आहे, वजनासकट.