एक फोटो, दोन बाबा

बाबांचा एक चौकोनी, कृष्णधवल फोटो आमच्या घरी आहे. 1984 च्या हिवाळ्यात मामाने आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याने तो काढला. वणीतल्या कापूस संकलन केंद्राचं आवार, मागे कापसाचा उंच ढीग, पुढे बैलगाडीच्या चाकाला टेकलेले बाबा. गाड्यांच्या रांगेत त्यांनी दोन रात्री काढल्या होत्या. लहानपणी मला त्या फोटोत फक्त ढीग दिसायचा. शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि बाबा गेले, तेव्हा तो फोटो मी पहिल्यांदा नीट पाहिला आणि रंगवायला घेतला.

तेव्हा मी मोने यांच्या गवताच्या गंज्यांनी भारावलेली होते. 1890-91 मध्ये त्यांनी घराजवळच्या शेतातल्या गंज्या पंचवीसेक वेळा रंगवल्या. ऊन बदललं की हातातला कॅनव्हास बदलायचा, अशी त्यांची रीत. मला वाटलं, आपल्याकडे तर कापसाचा ढीग आहे! फोटोवर चौकटी आखून बारा बाय सोळा इंचांच्या कॅनव्हासवर रेखाटन उतरवलं आणि तिथेच अडले. फोटोत ऊन कुठून येतं ते दिसत होतं, पण ते सकाळचं की संध्याकाळचं, हे कळत नव्हतं. दृक्‌प्रत्ययवादी चित्राचा तर तोच पाया. आईला विचारलं. ती म्हणाली, "सकाळचं. मी शिदोरी घेऊन गेल्ती."

मग डिसेंबरातल्या एका सकाळी जिनिंगच्या आवारात जाऊन बसले. कापूस पांढरा नसतो, हे तिथे कळलं. उन्हाची बाजू साईसारखी पिवळसर, सावलीची निळी-जांभळी, आणि ढिगाच्या पायथ्याशी काळ्या मातीची तपकिरी झाक. घरी येऊन काळ्या रंगाची ट्यूब बाजूला ठेवली. सावलीसाठी अल्ट्रामरीन, किंचित क्रिमसन आणि पांढरा. चपट्या ब्रशचे आखूड फटकारे एकमेकांशेजारी ठेवायचे, घोटायचे नाहीत. पहिल्या दिवशी मी घोटलेच. ओला पिवळा ओल्या जांभळ्यात मिसळला आणि ढीग राखेचा झाला. सगळं चाकूने खरवडलं. दुसऱ्या खेपेला दर दोन-तीन फटकाऱ्यांनंतर ब्रश फडक्याला पुसला, तेव्हा कापूस हलका झाला. बाबांचा सदरा, चाक, धूळ यांच्यावरही तेच फटकारे फिरले. कुठेच कडा उरली नाही आणि बाबा त्या उन्हात विरघळले. आई बराच वेळ पाहत राहिली. "थंड वाटते," एवढंच म्हणाली. मला ते कौतुक वाटलं.

वीस वर्षांनी वर्गात फॉव्हिझम शिकवताना तोच फोटो पुन्हा काढला. 1905 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मातीस आणि देरँ यांचे रंग पाहून एका समीक्षकाने त्यांना रानटी श्वापदं म्हटलं होतं. त्याच वर्षी मातीस यांनी पत्नीचं चित्र काढलं. चेहऱ्याच्या मधोमध हिरवा पट्टा, एक गाल पिवळसर, दुसरा गुलाबी. या वेळी मी जिनिंगला गेले नाही. उन्हाला काहीच विचारायचं नव्हतं. आभाळ शेंदरी केलं, ढीग पिवळा, माती गर्द निळी, बाबांचा सदरा लाल. रंग ट्यूबमधून निघाला तसाच, मोठ्या सपाट पट्ट्यांत लावला. चित्र भडक झालं, पण बाबा दिसेनात. मोबाईलवर त्याचा कृष्णधवल फोटो काढला तेव्हा चूक सापडली. शेंदरी आभाळ आणि लाल सदरा दोन्ही एकाच करड्या छटेचे आले होते.

जुना फोटो शेजारी ठेवला. त्यात रंग नव्हते, पण उजेड-अंधाराचा सगळा हिशेब होता. मग ठरवलं, रंग कुठलाही चालेल, पण त्याचा गडदपणा फोटोइतकाच हवा. पिवळा मुळात उजळ, म्हणून तो ढिगालाच राहिला. आभाळात पांढरा मिसळून ते फिकं केलं. चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला गडद हिरवा लावला, उजेडाच्या बाजूला फिका गुलाबी. डोळ्यांखाली जांभळ्याची एक रेघ ओढली. बाबा एकदम पुढे आले. तेच टेकणं, तोच चेहरा, पण आता तो माणूस झोपेविना ताठ उभा होता. पहिल्या चित्रात मी त्या सकाळचं ऊन रंगवलं होतं. त्या दोन रात्री दुसऱ्यात आल्या. फोटोत दोन्ही होतं.

हिरवा चेहरा पाहून आई चिडेल, अशी भीती होती. ती जवळ गेली, चष्मा वर केला. "हे खरे," ती म्हणाली. "त्या दिवशी असेच दिसत होते."

पहिलं चित्र आमच्या बैठकीत आहे. दुसरं आईने आपल्या खोलीत लावून घेतलं आहे.