दुसरी खुर्ची येईपर्यंत

पुणे

ती. सौ. वहिनींस,


पोचल्याचा फोन केलाच होता, पण फोनवर दादा मध्येच बोलायला लागला आणि मुद्द्याचं राहून गेलं. तुम्ही दोघं दिल्लीला विमानानं जाणार हे ऐकून बरं वाटलं. पण खुर्चीचं नाव काढताच तो म्हणाला, "मला काय धाड भरलीये? रोज सकाळी आमराईपर्यंत चालतो मी." म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते. वाचून झाल्यावर त्याच्या चष्म्याखाली ठेवा.

एरवी मी निजामुद्दीनच्या गाडीनं जायची आणि सोबत कुणी ना कुणी असायचं. यंदा गुरुग्रामहून परत यायला सोबत नव्हती, आणि सव्वीस-सत्तावीस तासांचा प्रवास गुडघ्यांना झेपेना. धाकट्यानं विमानाचं तिकीट काढलं आणि त्याच वेळी चाकाच्या खुर्चीचीही नोंद केली. तिचे पैसे पडत नाहीत, फक्त निदान दोन दिवस आधी विमान कंपनीला कळवावं लागतं. आयत्या वेळी मागितली तरी मिळते म्हणतात, पण ताटकळावं लागतं.

या नोंदीत एक बारकावा आहे. तिकिटावर खुर्चीच्या तीन खुणा असतात. WCHR म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. WCHS म्हणजे जिना चढता येत नाही, विमानात जागेपर्यंत मात्र जाता येतं. WCHC म्हणजे जागेवर बसवण्यापर्यंत सगळीच मदत लागते. आमच्या चिरंजीवांनी पहिली लिहिली होती. नातीनं ती वाचली आणि विचारलं, "आजी, तू आमचा जिना तरी चढतेस का?" मग त्यानं कंपनीला फोन करून दुसरी करून घेतली. त्या एका अक्षरानं माझी लाज राखली, ते पुढे सांगते.

दिल्लीच्या विमानतळाला एकाहून जास्त टर्मिनल आहेत, आणि पहिलं आणि तिसरं यांच्यात काही किलोमीटरचं अंतर आहे. एकमेकांत चालत जाता येत नाही. कंपन्यांची विमानं एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर हलवतातही. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी तिकीट पुन्हा बघायचं. माझं तीन नंबरचं होतं. दाराशी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि आधार बघतो. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. धाकटा तिथंच थांबला. वहिनी, खरं सांगते, त्या दारातून आत जाताना पोटात गोळा आला. मागं वळून हात करायलाही सुचेना.

आत काउंटरवर पोरीनं मोठी बॅग घेतली, पंधरा किलोच्या आत होती. मग मला "असिस्टन्स" लिहिलेल्या जागी बसवलं. तिथं दहा-बारा म्हातारी माणसं रांगेनं बसलेली.  थोड्या वेळानं एक पोरगा खुर्ची घेऊन आला. दरभंग्याचा. "दादीजी, पैर ऊपर रखिए," म्हणत त्यानं पायाच्या पट्ट्या खाली पाडल्या. उतरताना त्या आधी वर करायच्या असतात, नाहीतर पाय अडकून माणूस तोंडावर आपटतं. दादाला हे आवर्जून सांगा, तो घाईत उठतो.

सुरक्षा तपासणीत माझा उजवा गुडघा वाजला. बदललेला सांधा धातूचा, दारातून गेलं की यंत्र ओरडणारच. बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. तिनं हातातलं यंत्र फिरवलं, गुडघ्याशी परत वाजलं. मी डॉक्टरांचा कागद दाखवला, तिनं वाचला, गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ठीक है माताजी." दोन मिनिटांत मोकळी. दादाच्या कमरेतही धातू आहे, तेव्हा ऑपरेशनचा कागद हातातल्या पिशवीत हवा. माझा पानाचा डबा मात्र उघडायला लावला. सुपारी, कात, चुना सगळं बघितलं. अडकित्ता नातीनं आदल्या रात्रीच मोठ्या बॅगेत टाकला होता, नाहीतर तो तिथंच राहिला असता. तुमचं लिंबाचं लोणचं आणि तुपाचा डबाही मोठ्या बॅगेतच घाला. औषधं मात्र जवळ.

आता खरी गोष्ट. तिथून गेटपर्यंतचं अंतर इतकं की दरभंग्याच्या त्या पोरालाही घाम आला. सरकते पट्टे आहेत, पण खुर्ची त्यावरून नेत नाहीत. गेटजवळ माझी खुर्ची एका कडेला उभी करून तो म्हणाला, "दादीजी, एक और पैसेंजर है, लेके आता हूँ." आणि गेला. त्याचीही चूक नाही, एका माणसाच्या वाट्याला किती म्हातारे! पण वहिनी, एकट्या म्हाताऱ्या माणसाची खरी परीक्षा या मधल्या वेळात असते. काउंटर, तपासणी, विमान, सगळीकडे कुणीतरी असतं. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मात्र मध्ये कुणीच नसतं. खुर्चीची चाकं आपल्या हातानं फिरत नाहीत, उठून चालवत नाही, आणि घोषणा मला तरी त्या गलक्यात कळत नव्हत्या.

शेजारी एक मुलगी बसली होती, रोहतकची, पुण्याला नोकरीवर रुजू व्हायला निघालेली. तिच्या फोनवर निरोप आला की गेट बदललं. तिनं माझा कागद मागून नंबर ताडून बघितला. विमान तेच. मी आपली तिलाच म्हटलं, "बेटी, तू मेरेको ढकलके ले चल." माझं हिंदी तुम्हाला माहीतच आहे. ती हसली, पण तिनं खुर्चीला हात लावला नाही. काउंटरवर जाऊन तिथल्या माणसाला माझं नाव आणि जुनं गेट सांगितलं, आणि तो येईपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली. मला आधी राग आला. मग तिनं समजावलं, की तिनं मला परस्पर नेलं असतं, तर तो पोरगा इथं येऊन मला शोधत बसला असता, आणि तिकडे माझी नोंद कुणाकडेच नसती. पंचवीस वर्षांची असेल नसेल, पण डोकं थंड.

नवं गेट खालच्या मजल्यावर, बसचं. म्हणजे बसनं विमानापर्यंत जायचं आणि शिडी चढायची. सगळे बसकडे गेले. माझ्या तिकिटावर WCHS होतं, म्हणून मला तिकडे न नेता वेगळ्या गाडीकडे नेलं. तिला अँबुलिफ्ट म्हणतात. ट्रकवर एक खोली ठेवल्यासारखी दिसते. खुर्चीसकट आत घेतात, चाकांना ब्रेक लावतात, पट्टा बांधतात. विमानाशी गेल्यावर ती खोली सरळ वर उचलली जाते आणि दाराला लागते. आतल्या माणसानं फळी टाकली आणि मी तीन पावलं चालून विमानात. पहिलंच अक्षर राहिलं असतं तर मी त्या शिडीच्या तळाशी उभी असते, आणि मागं सगळं विमान खोळंबलं असतं. अर्थात ही गाडी लगेच मिळेलच असं नाही. माझ्याआधी दुसऱ्या विमानाशी होती, त्यामुळे वीसेक मिनिटं थांबावं लागलं. तेवढा धीर धरायचा.

विमानात रोहतकच्या पोरीची जागा माझ्या मागच्याच ओळीत. माझ्या शेजारच्या गृहस्थांशी बोलून तिनं जागा बदलून घेतली. पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. खाली उतरताना कानांना दडे बसले, तर हातात लिमलेटची गोळी ठेवली, "चूसो और निगलती रहो." गिळलं की कान मोकळे होतात, खरंच झाले. दोन तासांत पुणं आलं. येताना तिला मी आपला पत्ता दिला आणि रविवारी पुरणपोळीला बोलावलं.

पुण्यात सगळे उतरेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. मग तिथली खुर्ची येते, तिथला माणूस बॅग काढून देतो आणि बाहेर घ्यायला आलेल्याच्या स्वाधीन करतो. यात अर्धा तास सहज जातो, म्हणून घ्यायला येणाऱ्याला आधी सांगून ठेवा. थोरला बाहेर नुसता येरझारा घालत होता.

आता दादाविषयी. 2024 च्या फेब्रुवारीत मुंबई विमानतळावर न्यूयॉर्कहून एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ पत्नीसोबत आले. दोघांसाठीही खुर्ची आधी सांगितलेली होती. आली एकच. पत्नीला खुर्चीत बसवलं, आणि दुसरी येईपर्यंत थांबा म्हटलं असता ते तिच्यासोबत चालत निघाले, असं कंपनीचं म्हणणं. बरंच चालल्यावर कोसळले आणि गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपनीला तीस लाखांचा दंड केला. दंडानं माणूस परत येत नाही.

दादाही तेच करील, हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. तुम्ही खुर्चीत आणि तो पिशवी घेऊन मागे मागे. म्हणून तिकीट काढताना दोघांच्या नावावर वेगवेगळी नोंद करायला लावा. त्याच्या नावापुढे WCHR असलं तरी चालेल. आणि एकच खुर्ची आली, तर तुम्हीही त्यात बसू नका. दोघं एका बाकावर बसून राहा आणि दुसरी येईपर्यंत उठू नका. विमान सुटेल या भीतीनं चालू लागू नका. तुम्ही नोंद केलेली आहे, तुम्हाला नेणं हे त्यांचं काम आहे.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद. दादाला नमस्कार.

तुमची नणंद

ता. क. नोंद झाल्यावर कंपनीकडून आलेला निरोप मला पाठवा. दोन नावं दिसली की मगच माझी खात्री पटेल.