तळपायावरची सरकती रेघ

कोकणच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरून आलेल्या एका व्यापारी कुटुंबातील सुनेच्या तळपायावर चार दिवसांनी लालसर पुरळ उठला. रात्री खाज असह्य होई. गजकर्ण समजून आठवडाभर मलम लावण्यात गेला. पण गजकर्ण कड्यासारखे गोल पसरते. येथे तर दोऱ्याएवढी उंचावलेली रेघ नागमोडी वळणे घेत होती. सासूबाईंनी तिच्या टोकाशी पेनाने खूण केली. दुसऱ्या दिवशी रेघ खुणेपुढे जवळजवळ एक सेंटिमीटर सरकलेली!

त्वचारोगतज्ज्ञांनी ते पाहताच निदान केले. कुत्र्यामांजरांच्या विष्ठेतून ओल्या वाळूत पसरणाऱ्या अंकुशकृमीची अळी कातडीत शिरते. मात्र माणसाच्या त्वचेचा खालचा थर तिला भेदता येत नाही, म्हणून ती वरच्यावर भटकते. ती रेघेच्याही पुढे असते, त्यामुळे टोक डागणे व्यर्थच.

औषधाने जीव मारावा का, या विचाराने सासूबाई थबकल्या. डॉक्टर म्हणाले, “माणसाच्या अंगात ती काही आठवड्यांत आपोआप मरतेच, तोवर खाजवून जखमा पिकतात.” सुनेने आयव्हरमेक्टिनची मात्रा घेतली. तीन दिवसांत खाज शमली, रेघ पुसट व्हायला आणखी काही दिवस गेले.